रील मैत्रिणीची, नाव दोघींचं: बाहेर पडताना काय जातं आणि काय राहतं

पत्र

मी आणि माझी मैत्रीण चार-पाच वर्षं एका नृत्यगटात बरोबर होतो. गटाचं इन्स्टाग्राम तीच सांभाळते. तिथल्या बऱ्याच रील्सवर आम्हा दोघींची नावं आहेत. तिनं टाकायच्या आणि मी स्वीकारायची, असं चालायचं. गुगल फोटोजमध्ये गटाचा एक सामाईक अल्बमही आहे. तोही तिनंच उघडलेला, पण त्यात माझे चारशेएक फोटो आहेत. आता मी गट सोडला आहे. भांडण झालेलं नाही. पण त्या रील्स पाहून लोक कार्यक्रमाची चौकशी अजून माझ्याकडेच करतात, आणि माझ्या प्रोफाइलवर जुनंच काम दिसत राहतं. मला दोन्हीकडून बाहेर पडायचंय. पण मी काहीतरी दाबलं आणि तिची रील किंवा सगळ्यांचे फोटोच उडाले तर? आणि हे तिला न सांगता केलं तर चालेल का?

उत्तर

तुमच्यामुळे तिची रील उडणार नाही, ती भीती मनातून काढून टाका. अल्बमबद्दलची भीती मात्र खरी आहे. तिथे तुम्ही बाहेर पडलात की तुम्ही घातलेले फोटोही तुमच्याबरोबर बाहेर पडतात. बाकीच्यांनी ते आधी आपापल्याकडे ठेवून घेतले नसतील, तर त्यांना ते पुन्हा दिसणार नाहीत. म्हणून ही दोन कामं एका दमात करू नका. रील्सचं काम आज संध्याकाळी उरकता येईल. अल्बमला आठवडाभर द्या.

असा फरक का, हे समजलं की पुढची प्रत्येक पायरी सोपी जाते. इन्स्टाग्रामवरची दोघींच्या नावाची रील ही एकच रील असते आणि ती टाकणाऱ्याच्या खात्यात राहते. तुम्ही आमंत्रण स्वीकारलंत तेव्हा तिची दुसरी प्रत तयार झाली नाही. तीच रील तुमच्या प्रोफाइलवरही दिसू लागली आणि वर तुमचं नाव लागलं, एवढंच झालं. लाइक एकाच ठिकाणी जमा होतात, कमेंट्सही एकाच ठिकाणी. म्हणून तुम्ही बाजूला झालात की तुमचं नाव जातं, तुमच्या प्रोफाइलवरचं दिसणं जातं आणि बाकी सगळं तिच्याकडे जसंच्या तसं राहतं. गुगलच्या अल्बमची रचना याच्या उलट आहे. तिथे अल्बम तिचा असला तरी प्रत्येक फोटो ज्यानं घातला त्याच्या खात्यातला असतो, आणि अल्बम तो फक्त सगळ्यांना एकत्र दाखवतो. तुम्ही गेलात की तुमच्या खात्यातलं दाखवणं थांबतं.

आधी रील्स घेऊ. पण त्यातल्या खरोखर दोघींच्या नावाच्या कोणत्या, हे अगोदर तपासा, कारण तुम्ही चार-पाच वर्षं म्हणता आहात. इन्स्टाग्रामवर अशी जोडपोस्ट करण्याची सोय ऑक्टोबर 2021 मध्ये आली. त्याआधीच्या पोस्टवर तुमचं नाव असेल तर तो बहुधा साधा टॅग असेल, आणि टॅग काढायची वाट वेगळी आहे. ओळखायची खूण सोपी आहे. पोस्टच्या डोक्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी असतील आणि ती पोस्ट तुमच्या स्वतःच्या पोस्टमध्येही दिसत असेल, तर ती जोडपोस्ट. वर फक्त तिचंच नाव असेल आणि तुमचं नाव फोटोवर बोट टेकवल्यावर उमटत असेल, तर तो टॅग.

मालक कोण आहे, हेही एकदा डोळ्यांखालून घाला. पोस्टवरचे तीन ठिपके दाबा. त्या यादीत पोस्ट पुसण्याचा किंवा तिच्यात बदल करण्याचा पर्याय दिसला, तर ती रील तुमच्या खात्यातून गेलेली आहे आणि ती पुसली तर दोघींकडूनही जाईल. चार-पाच वर्षांत एखादी रील घाईघाईत तुमच्या फोनवरून टाकली गेली असेल, तर ती इथेच सापडेल. तिला हात लावू नका, तिच्याबद्दल मैत्रिणीशी वेगळं बोला. यादीत Stop sharing दिसलं, तर मालक ती आहे आणि तुम्ही निव्वळ सहभागी आहात. तुम्हाला दाबायचं आहे ते हेच. पुढे खात्री विचारली जाईल, तिथे पुन्हा Stop sharing दाबायचं. फोनवरच्या अ‍ॅपमधून करा आणि एकेका रीलवर जाऊन करा.

मात्र ते दाबण्यापूर्वी तीन गोष्टी उरकून घ्या. त्या रीलखाली तुम्ही लोकांना दिलेली उत्तरं वाचून काढा. "हो, कार्यक्रम घेतो, मला मेसेज करा" अशा धाटणीची तुमची जुनी उत्तरं तिथे असणार, आणि नाव निघालं तरी ती आपोआप निघत नाहीत. तुमच्याकडे येणाऱ्या चौकश्यांचं निम्मं मूळ कदाचित तिथेच असेल. ती उत्तरं तुमची आहेत, त्यामुळे तुम्हाला पुसता येतात. दुसरं, रीलचे आकडे तुम्हाला पुढे कुठे दाखवायचे असतील, नवीन कामासाठी किंवा शिकवणीसाठी, तर आत्ताच त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. नंतर ती रील तुमच्या प्रोफाइलवर नसेल आणि आतले आकडेही तुम्हाला उघडणार नाहीत. तिसरं, मूळ चित्रण तुमच्याकडे आहे का ते पाहा. रील तुमच्या फोनवर चित्रित झाली असेल तर प्रश्न नाही. तिच्या फोनवर झाली असेल आणि तुम्हाला ती आठवण म्हणून हवी असेल, तर तिच्याकडून मूळ फाइल आजच मागून घ्या. मैत्री टिकून असताना ही मागणी अगदी सहज होते.

आणखी एक लक्षात घ्या. बाहेर पडण्याचं बटण तुमच्याकडे आहे, परत येण्याचं नाही. तुम्ही आपल्या मर्जीनं त्या रीलवर नाव पुन्हा लावू शकत नाही. म्हणून ज्या एक-दोन रील्समधलं काम खरोखर तुमचं आहे, तुम्ही बसवलेलं नृत्य, तुमची कल्पना, तिथे जरा थांबून विचार करा. सगळ्यांतून बाहेर पडलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर ज्या रीलमध्ये गटाची जाहिरात आहे तिथून नाव काढा, आणि जिथे फक्त तुमची कला आहे ती राहू द्या. चौकश्या जाहिरातींमुळे येतात.

यानंतरही चौकश्या थांबल्या नाहीत, तर दोष Stop sharing चा नसेल. लोक बहुतेक वेळा मजकुरातल्या उल्लेखावरून येतात. रीलखाली तिनं "कार्यक्रमासाठी संपर्क" असं लिहून पुढे तुमच्या खात्याचं नाव @ लावून घातलं असेल, तर ते मजकुराचा भाग आहे आणि मजकूर फक्त मालकाला बदलता येतो. तुम्ही जोडपोस्टमधून बाहेर पडलात तरी ती ओळ तशीच राहते आणि तिच्यावर बोट टेकवलं की माणूस सरळ तुमच्या दारात उभा राहतो. तिथे तिलाच विनंती करावी लागेल. तिच्यासाठी ते एका मिनिटाचं काम आहे: तीन ठिपके, मग Edit, ती ओळ काढायची आणि जतन करायचं. नेमक्या कोणत्या रील्समध्ये उल्लेख आहे ते तुम्ही शोधून तिला लिंक पाठवा. "जरा सगळीकडून काढ ना" असं मोघम सांगितलं की ते काम राहून जातं.

साध्या टॅगच्या बाबतीत तिची गरज नाही. फोटोवर बोट टेकवा, तुमचं नाव आलं की त्यावर टेकवा आणि Remove me from post निवडा. रीलवर असेल तर टॅग केलेल्यांच्या यादीतून तुमचं नाव उघडा. तिथेच Hide from my profile असाही पर्याय दिसतो. त्यानं टॅग निघत नाही, फक्त तो तुमच्या प्रोफाइलवरच्या टॅगच्या पानातून लपतो. तिच्या पोस्टवर तुमचं नाव राहतंच. तुमचा त्रास चौकश्यांचा आहे, म्हणून लपवून भागणार नाही. काढायलाच हवा.

काम झालं की नाही, हे स्वतःच्या प्रोफाइलवरून ठरवू नका. स्वतःचं पान कधी कधी जुनंच दिसत राहतं. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून तिच्या पानावर जा, रील उघडा आणि वरची नावं पाहा. तिथे तिचं एकटीचं नाव असेल तर तुम्ही बाहेर आहात. मग त्याच फोनवरून मजकूर आणि कमेंट्स यांवर एकदा नजर फिरवा. अनोळखी माणसाला तुमचं नाव कुठून सापडतंय, ते अशा पाहण्यातच कळतं.

या सगळ्याऐवजी तिला ब्लॉक करून मोकळं व्हावं, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो घेऊ नका. भांडण नसताना ते दुखावणारं आहेच, पण तुमच्या कामालाही त्याचा अडथळा होईल. ब्लॉक केल्यावर तिच्या पोस्टपर्यंत तुम्हाला सरळ पोचता येत नाही. मग तुमच्या जुन्या कमेंट्स पुसणं, मजकुरातला उल्लेख शोधणं, काही बदललं का ते पाहणं, सगळंच अवघड होऊन बसतं.

आता अल्बम. हा भाग सावकाश वाचा, कारण इथे चुकीच्या क्रमाची किंमत दुसरे मोजतात.

समजा अल्बममध्ये एकूण अकराशे फोटो आहेत. त्यातले चारशे तुमचे, उरलेले सातशे गटातल्या बाकीच्यांचे. तुम्ही आज उठून अल्बम सोडलात तर दोन गोष्टी एकाच क्षणी होतील. तुमचे चारशे फोटो अल्बममधून जातील, त्यांच्याबरोबर तुमच्या कमेंट्स आणि लाइकही जातील. आणि बाकीच्यांचे सातशे फोटो तुम्हाला दिसेनासे होतील, अगदी ज्यांत तुम्ही स्वतः नाचताय तेही. तुमचे चारशे तुमच्या खात्यात सुरक्षित राहतील. गटातल्या ज्यांनी तुमचा एखादा फोटो आपल्याकडे ठेवून घेतला असेल, त्यांच्याकडचा फोटोही राहील. हरवतील ते कुणीच ठेवून न घेतलेले. आणि सामाईक अल्बममध्ये हेच जास्त घडतं. अल्बममध्ये आहेत म्हणजे आपल्याकडे आहेत, असं सगळे धरून चालतात.

तर आधी स्वतःची बाजू भक्कम करा. बाकीच्यांच्या सातशे फोटोंपैकी तुम्हाला कोणते हवेत ते निवडा आणि ते आपल्या खात्यात घ्या. फोटो उघडल्यावर तो तुमच्या संग्रहात नसेल तर तो जतन करण्याचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की त्याची प्रत तुमची होते आणि मग मूळ मालकानं किंवा अल्बमनं काहीही केलं तरी ती राहते. मात्र ही प्रत तुमच्या जागेत मोजली जाते. गुगलच्या मोफत खात्याची जागा 15 जीबी आहे आणि ती फोटो, मेल आणि ड्राइव्ह यांत मिळून वाटली जाते. एक फोटो साधारण 4 एमबी धरला तर सातशे फोटोंचे होतात 2.8 जीबी, आणि त्यात व्हिडिओ असतील तर आकडा झपाट्यानं चढतो. म्हणून सरसकट सगळं उचलण्यापेक्षा तुम्ही ज्यांत आहात आणि तुम्हाला प्रिय आहेत तेवढेच घ्या. जागा कमी असेल तर संगणकावर photos.google.com उघडा, अल्बममध्ये जा, तीन ठिपक्यांमध्ये Download all आहे. त्यानं सगळा अल्बम झिप फाइलमध्ये तुमच्या संगणकावर उतरतो आणि गुगलच्या खात्यातली जागा त्याला लागत नाही. उतरल्यावर ती फाइल उघडून आतले फोटो खरोखर दिसतात ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोठा अल्बम असला की उतरवणं मध्येच तुटतं आणि फाइल अर्धवट राहते.

मग बाकीच्यांची बाजू. गटाला एक दिवस ठरवून सांगा आणि तोपर्यंत त्यांना हवे ते तुमचे फोटो ठेवून घ्यायला सांगा. आठवडा पुरेसा आहे. एवढ्यावर थांबलात तरी चालेल, पण मी तुमच्या जागी असते तर चारशेपैकी गटाचे असे जे फोटो असतील, समूहाचे, मंचावरचे, ते वेगळे काढून मैत्रिणीच्या हातात फाइल म्हणून दिले असते. निरोप सगळे वाचतात, फोटो ठेवून घेण्याचं काम मात्र बरेच जण उद्यावर ढकलतात.

या टप्प्यावर एक चूक वारंवार होते. आपले फोटो अल्बममधून एकेक करून काढू म्हणून माणूस फोटो उघडतो आणि कचरापेटीचं चिन्ह दाबतो. ते चिन्ह फोटो अल्बममधून काढत नाही, तुमच्या संग्रहातूनच पुसतं. मग तो अल्बममधूनही जातो आणि तुमच्याकडूनही. अल्बममधून काढण्याचा पर्याय वेगळा असतो आणि त्याच्या नावात Remove from album असे शब्द असतात. चुकून पुसला गेलाच तर लगेच पेटी उघडा. बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, बॅकअप न झालेला 30 दिवस, आणि तोवर परत आणता येतो. पण तुम्हाला अल्बम सोडायचाच आहे, मग एकेक फोटो काढत बसायची गरजच नाही. सोडलात की ते आपोआप निघतात.

ठरलेल्या दिवशी अल्बम उघडा, तीन ठिपके दाबा आणि Leave album निवडा. ते तिथे दिसलं नाही तर त्याच यादीतून Options उघडा. सदस्यांच्या यादीत तुमच्या नावाशी सोडण्याचा पर्याय सापडतो. त्याच यादीत मालकाच्या नावापुढे तसं लिहिलेलं असतं, तेही बघून घ्या. तुम्हाला Leave ऐवजी Delete album दिसत असेल तर हात आखडता घ्या. त्याचा अर्थ अल्बम तुमच्या खात्यातून उघडला गेला आहे आणि तो पुसला तर सगळ्यांसाठीच बंद होईल.

सोडल्यानंतर अल्बम तुमच्या यादीतून जातो. लिंकवरून तो पाहणाऱ्यांनाही तुमचे फोटो दिसत नाहीत, कारण लिंक अल्बमच दाखवते आणि अल्बममध्ये ते आता नाहीत. पण कुणी आधीच आपल्याकडे ठेवलेला किंवा फोनवर उतरवलेला फोटो तुम्हाला परत ओढून घेता येणार नाही. एखादा विशिष्ट फोटो कुणाकडेच असू नये असं वाटत असेल, तर त्यासाठी बटण नाही. त्या माणसाशी बोलावंच लागेल.

गटातल्या कुणाचा आयफोनवरच्या आयक्लाउडचा असाच सामाईक अल्बम असेल आणि तुम्ही त्यातही असाल, तर क्रम बदला. तिथे बाहेर पडण्याच्या पर्यायाचं नाव Unsubscribe आहे. तुम्हाला आपले फोटो तिथून काढायचे असतील तर ते आधी पुसा आणि मग बाहेर पडा. एकदा बाहेर पडलात की अल्बम तुमच्या फोनवरून जातो आणि आत जाऊन आपला फोटो पुसायला दारच उरत नाही. शिवाय तिथले फोटो मूळ आकाराचे नसतात, लहान करून ठेवलेले असतात. म्हणून दुसऱ्यानं काढलेला एखादा फोटो छापण्याजोगा हवा असेल, तर अल्बममधून न घेता त्या माणसाकडूनच मागा.

राहिला तिला सांगण्याचा प्रश्न. सांगा, आणि काहीही दाबण्यापूर्वी सांगा. परवानगी म्हणून नको. स्वतःचं नाव काढून घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज नसते, आणि म्हणून तर ते बटण तुमच्या यादीत ठेवलेलं आहे. पण रील उघडल्यावर तुमचं नाव गायब दिसलं तर तिला ते रागाचं लक्षण वाटेल, आणि अल्बममधून एकदम चारशे फोटो गेलेले दिसले तर त्याहून जास्त. तुमचं भांडण झालेलं नाही. ते तसंच राहावं असं वाटत असेल तर तिला ही गोष्ट स्क्रीनवरून कळता कामा नये. फोन केलात तर उत्तम. नंतर हे लिहून पाठवा, म्हणजे तारखेचा घोळ होणार नाही:

"अगं, गटाच्या रील्स पाहून लोक अजून मला कार्यक्रमाचं विचारतात, म्हणून आज मी त्या रील्सवरून माझं नाव काढते आहे. रील्स तुझ्याकडे आहेत तशाच राहतील, लाइक-कमेंट्सही जाणार नाहीत. तीन रील्सच्या मजकुरात माझं खातं दिलेलं आहे, त्यांच्या लिंक खाली देते. तेवढं बदलशील का? फोटोंच्या अल्बममधून मी पुढच्या रविवारी बाहेर पडेन. तेव्हा मी टाकलेले फोटोही त्यातून जातील, म्हणून त्याआधी तुम्हाला हवे ते सगळ्यांनी आपल्याकडे घेऊन ठेवा. गटाचे फोटो मी वेगळे काढून तुला देतेच आहे."

यात कारण आहे, तारीख आहे आणि तिचं काही जाणार नाही याची हमी आहे. माफी नाही, कारण माफी मागण्याजोगं काही घडलेलं नाही. गट का सोडला याची उजळणीही नाही. ती इथे घुसवलीत तर तिचं उत्तर त्याच मुद्द्यावर येईल आणि तीन लिंक बाजूला पडतील.

ती म्हणाली की "अल्बममधून आत्ता जाऊ नकोस, थोडं थांब", तर एखादा आठवडा वाढवून द्यायला हरकत नाही. अल्बममुळे तुम्हाला चौकश्या येत नाहीत, त्यामुळे तिथे घाई तुमची नाही. रील्सवरून नाव काढू नकोस म्हणाली, तर मात्र ऐकू नका. तिच्या रीलला त्यानं धक्का लागत नाही हे तिला एकदा शांतपणे समजावा आणि ठरवलेलं करून टाका. मजकुरातला उल्लेख तिनं काढलाच नाही, तर तेवढ्या जागी तुमचा हात पोचत नाही. मग तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलच्या वरच्या ओळीत "गटाच्या कार्यक्रमांसाठी कृपया गटाच्या पानावर संपर्क करा" असं लिहा. त्या उल्लेखावरून येणारा माणूस प्रथम तेच वाचेल.

रीलमध्ये तुम्ही दिसताय म्हणून ती पुसायला लावता येईल का, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढे मनात येऊ शकतो. नाव काढणं आणि चित्रणावर हक्क सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. Stop sharing नं पहिली होते, दुसरी होत नाही. तुम्ही स्वतः चित्रित केलेला व्हिडिओ तुमच्या संमतीशिवाय वापरला जात असेल, तर त्यासाठी इन्स्टाग्रामवर हक्कभंगाची तक्रार करण्याची वेगळी वाट आहे. तुमच्या संमतीनं झालेल्या, तुम्ही स्वीकारलेल्या रील्ससाठी ती वाट धरू नका.

शेवटचं काम पुढच्यासाठी. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये टॅग आणि उल्लेखांचा विभाग आहे. तिथे तुम्हाला कोण टॅग करू शकतं हे ठरवता येतं आणि प्रत्येक टॅग तुमच्या मंजुरीनंतरच प्रोफाइलवर दिसावा असंही करता येतं. ते चालू करून ठेवा. जोडपोस्टचं आमंत्रण तर तुम्ही स्वीकारल्याशिवाय लागूच होत नाही. गटातल्या कुणी सवयीनं नव्या रीलवर तुम्हाला बोलावलं, तर ते आमंत्रण नुसतं पडून राहू देऊ नका, नाकारा आणि त्या व्यक्तीला एका ओळीत कळवा की आता तुम्ही गटात नाही.